काम बोलतं म्हणे!

हापूसवाला: 31 मार्च उलटला की ऑफिसात टिमकी वाजवायची स्पर्धा सुरू. मी स्वयंमूल्यनिर्धारणात दरवर्षी एकच ओळ लिहितो, ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली.’ काम बोलतं. कशाला तो मीपणा?

खाडीकाठ: काम बोलत नाही हो, नोंदवह्या बोलतात. आणि त्या चाळायला प्रतिवेदन अधिकाऱ्याला वेळ कुठे? आमच्या एका कृषी सहाय्यकाने लिहिलं होतं, ‘माझ्या अथक परिश्रमांमुळे फळबाग लागवडीत उल्लेखनीय यश मिळाले.’ ते खोडून मी त्याला असं लिहायला लावलं: ‘लक्षांक 20 हेक्टर, लागवड 26 हेक्टर. जूनमध्ये कलमांची ओढाताण होते म्हणून एप्रिलमध्येच शेतकऱ्यांची यादी करून रोपवाटिकेत मागणी नोंदवली, मे अखेर खड्डे पूर्ण करून घेतले. सातबारा आणि संमतीपत्रे जमवण्यात ग्रामसेवकांची मदत झाली. दोन वाड्यांत पाण्याअभावी मर जास्त. तिथे तूट भरणे बाकी.’ यात एक विशेषण दाखवा. ‘उल्लेखनीय’ साहेबांनी लिहायचं, आपण त्यांना कारण पुरवायचं.

रोखपाल: एवढं पुराण कशाला? आकडा टाका. ठेवी 12 कोटींवरून 15 कोटी. मी एवढंच लिहितो.

खाडीकाठ: तुमच्याकडे महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला आला ना त्या वर्षी? मग त्यात तुमचं काय? मोबदला मिळालेल्या घरी जाऊन मुदत ठेवी करून घेतल्यात, तर ते लिहा.

रोखपाल: गेलो होतो की, भर मे महिन्यात! लिहितो, बाबा. पण पुढच्या वर्षी 15 च्या वरचं लक्ष्य देतील तेव्हा मोबदला तुम्ही आणून देणार का?

कर्लीकाठची: 26 हेक्टर म्हणे! आमच्या वाडीत कलमांचे शेंडे माकडांनी खाल्ले, उरलेली गव्यांनी तुडवली. ता खयच्या अहवालात लिवतलास?

खाडीकाठ: ताई, विषय मूल्यमापनाचा आहे, माकडांचा नाही.

कर्लीकाठची: विषय तोच! लावली किती ता लिवतत, जगली किती ता कोण लिवत नाय.

रोखपाल: माकडांचं अगदी खरं. आमच्या परसातला एक नारळ हाती लागू देत नाहीत. वनखात्याला अर्ज केला तर म्हणे फोटो आणा.

कर्लीकाठची: फोटो काढूक गेलंय तर मोबाईल घेवन पळालो मेलो!

खाडीकाठ: बरं, मान्य. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी 100, म्हणजे 2600 कलमं. ‘फेब्रुवारीतील मोजणीत 2150 जिवंत’ हे वाक्य घालतो. झालं समाधान?

कर्लीकाठची: मोजली कोणी? की टेबलार बसान?

हापूसवाला: ‘तूट बाकी’ लिहा म्हणता? माझ्या सहकाऱ्याने तशी प्रामाणिक कमतरता लिहिली, साहेबांनी तिच्यावरच ज्ञापन काढलं. म्हणून माझी एक ओळ.

खाडीकाठ: 2008 च्या देव दत्त निकालातला माणूस ‘चांगला’ शेऱ्यामुळेच बढतीला मुकला होता. शेरा कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. उद्या तुम्हाला ‘चांगला’ मिळाला, तर त्या एका ओळीच्या जोरावर काय अभिवेदन देणार?

हापूसवाला: आणि ज्ञापन आलं तर उत्तर तुम्ही लिहून देणार?

खाडीकाठ: कमतरतेचं कारण आणि तुम्ही काय केलंत, हे त्याच वाक्यात असेल तर उत्तर तिथेच असतं. तरी साहेब तसाच असेल, तर त्यावर माझ्याकडे औषध नाही.

कर्लीकाठची: माकडांवर आसा काय?