अर्थ कळत असेल तर स्पॅनिशमधल्या बारक्या चुका काढाव्यात का?

मृणाल, राजारामपुरी: वायादोलिदच्या एका ताईंना मी मराठी शिकवते, त्या मला स्पॅनिश. परवा मी लिहिलं, ‘बीबो आ कोल्हापूर. एन लुनेस बी मी आब्वेला.’ म्हणजे, मी कोल्हापूरला राहते, सोमवारी आजीला भेटले. उत्तर आलं, ‘सगळं समजलं गं. तीनच गोष्टी: बीबो एन कोल्हापूर, एल लुनेस, बी आ मी आब्वेला.’ समजलं होतं, तर एवढं कशाला काढायचं?

संदीप: काढूच नये. आमच्या गल्लीत निपाणीकडचे एक काका आहेत, घरी कन्नड बोलतात. ‘माझा गाडी’ म्हणाले की पोरं लगेच हसायची. काकांनी मराठी बोलणंच कमी केलं.

शुभदा काकू: संदीप, ती पोरं हसली. या बाईंनी आधी ‘समजलं’ म्हटलं आणि नीट वाक्य लिहून दिलं. आणि हे बारकं नाही. मी बारा वर्षं स्पॅनिश शिकवते, आपल्याकडची मुलं हमखास इथंच घसरतात. आपला ‘ला’ कोल्हापूरला जाताना लागतो आणि कोल्हापूरला राहतानाही. स्पॅनिशमध्ये जायचं तर ‘आ’, राहायचं तर ‘एन’. मृणालनं डोक्यातला ‘ला’ तसाच उचलला.

अक्षय: मग सोपं आहे की! माणूस आला की ‘आ’ लावायचा. आजीला, आ मी आब्वेला.

शुभदा काकू: बऱ्याचदा जमेल, पण नेहमी नाही रे. ‘मला एक बहीण आहे’ हे ‘तेंगो ऊना एर्माना’, तिथं बहिणीआधी ‘आ’ येत नाही. ठरावीक शिक्षकांना शोधत असशील तर ‘बुस्को आल प्रोफेसोर’. शिकवणीला कुणीतरी शिक्षक हवा असेल तर नुसतं ‘बुस्को प्रोफेसोर’. आपणही ‘शिक्षकांना शोधतोय’ आणि ‘शिक्षक शोधतोय’ असं वेगळं म्हणतोच की. वाराचंही तसंच. ‘सोमवारी’तल्या ‘ई’साठी मृणालनं ‘एन’ घातलं. तिथं नुसतं ‘एल’ लागतं. ‘लोस लुनेस’ म्हटलं असतं तर दर सोमवारी असा अर्थ झाला असता.

मृणाल: आजीकडे मी खरंच दर सोमवारी जाते! मग ‘एल’ चुकलं का?

शुभदा काकू: नाही, तू परवाचा एकच सोमवार सांगत होतीस. दर सोमवारचं सांगायचं तर क्रियापदही बदलेल: ‘लोस लुनेस बेओ आ मी आब्वेला.’

संदीप: काकू, नियम पटला. पण गप्पांच्या मध्येच तीन-तीन दुरुस्त्या आल्या तर मी तरी पुढचं वाक्य घाबरतच लिहीन. एका वेळी एकच सांगावी.

शुभदा काकू: बोलताना एकच, हे मान्य. पण लिहिलेलं पुन्हा वाचता येतं. मी तिन्ही सांगितल्या असत्या.