तेलाच्या स्टीलच्या व प्लास्टिकच्या डब्यांचा खवट वास आणि चिकट थर कसा घालवावा?

प्रश्नचिन्ह:
माझ्याकडे तेल साठवण्याचा पाच लिटरचा स्टीलचा डबा आणि रोजच्या वापरासाठी दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन आहे. दोन्ही मी भांड्यांच्या साबणाने अनेकदा धुतले आहेत, तरीही डब्याच्या आतल्या कडेला मधासारखा पिवळट, बोटाला चिकटणारा थर राहतो आणि झाकण उघडताच खवट वास येतो. ताजे तेल भरले, तरी आठवड्याभरात त्यालाही तोच वास लागतो. मला नवीन भांडी घ्यायची नाहीत. घरातल्या किंवा सहज मिळणाऱ्या साध्या वस्तूंवरच भागवायचे आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

उंबरठा:
मी सहा वर्षांपूर्वी सगळे प्लास्टिक काढून काचेच्या बरण्या घेतल्या आणि त्या दिवसापासून हा त्रास संपला. आपणही काच घ्यावी. एकदाच खर्च होतो.

रानवारा:
खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतावे. जो फेस येतो, तो थर उचलून बाहेर काढतो. मी नेहमी असेच करतो आणि डबा लखलखीत होतो.

तिसरा_डोळा:
रानवारा यांचा फेस पाहायला चांगला वाटतो, पण सोडा आणि आम्ल एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणी. त्यांचा डबा स्वच्छ होत असेल, तर त्याचे श्रेय बहुधा नंतरच्या घासणीला द्यावे लागेल.

प्रश्नकर्त्यांनी प्रथम हे समजून घ्यावे की तो चिकट थर आता तेल उरलेला नाही. तेलाचा पातळ लेप दीर्घकाळ हवेत आणि उबेत राहिला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तो आधी चिकट, मग रोगणासारखा कडक होतो. लाकडाला लावलेले जवसाचे तेल वाळून कडक होते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच ताजा तेलकटपणा काढणारा साबण या थरापुढे हात टेकतो. येथे धुण्याचा सोडा हवा. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो आणि गरम पाण्यात अशा थराचा काही भाग साबणात बदलून उरलेला सैल करतो.

उंबरठा:
एवढी खटपट करण्यापेक्षा काच घेतलेली बरी, हे मी पुन्हा सांगतो.

प्रश्नचिन्ह:
तिसरा_डोळा, आपण प्रमाण सांगाल का? दोन्ही भांड्यांना तेच चालेल का?

तिसरा_डोळा:
दोन्हींना तेच चालणार नाही. स्टीलच्या डब्यात आधी चमचाभर ताजे कोमट तेल घालून कापडाने थर चोळावा, कारण जो भाग अजून मऊ आहे, तो तेलातच विरघळतो. ते कापड टाकून द्यावे. मग नुकत्याच उकळलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून डबा गळ्यापर्यंत भरावा आणि तासभर तसाच ठेवावा. हातमोजे घालावेत, कारण हे पाणी कातडी सोलल्यासारखी कोरडी करते. नंतर मऊ घासणीने घासून दोनदा साध्या पाण्याने धुवावे. झाकण ॲल्युमिनियमचे असेल, तर ते या पाण्यात घालू नये. ते काळे पडते आणि झिजते.

प्लास्टिकच्या कॅनच्या तळाशी त्रिकोणात अंक असतो. तो १ असेल, तर उकळते पाणी अजिबात ओतू नये, कारण ते प्लास्टिक साधारण ७० अंशांच्या आसपासच मऊ पडून वाकडे होते. तीव्र सोड्यानेही त्याला इजा होते. अंक ५ असेल, तर ते उष्णता बऱ्यापैकी सोसते. अंक कोणताही असो, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण इतक्यावरच सुरुवात करावी.

सुईदोरा:
मी ब्लीच वापरले होते आणि वास गेला होता, मात्र स्टीलवर बारीक तपकिरी ठिपके उमटले, ते आजतागायत गेलेले नाहीत. शिवाय बाटलीत गरम पाणी भरून झाकण घट्ट लावून हलवण्याची चूक मी केली. झाकण उडून छतावर आदळले आणि साबणाचे पाणी माझ्या चष्म्यावर आले. म्हणून हलवायचे असेल, तर पाणी कोमटच घ्यावे.

तिसरा_डोळा:
ठिपक्यांचे कारण ब्लीचमधील क्लोरिन असते. ते स्टीलवरील संरक्षक थर फोडते, आणि पुढे त्याच खड्ड्यांत चिकटा अडकतो. तारेच्या घासणीच्या ओरखड्यांतही तेच घडते.

भरतीओहोटी:
खवट तेल उकळून गाळून घेतले, की वास कमी होतो असे मला वाटते. आपण तसे करून पाहिले का?

तिसरा_डोळा:
प्रश्न भांड्यांचा आहे, तेलाचा नाही. तरीही, उष्णतेने तेल अधिकच बिघडते. आणि आपण ज्या कारणाने येथे आलो, ते कारण नेमके याच विचारात आहे: जुन्या तेलाच्या तळावर नवे तेल ओतत गेल्याने बिघडलेला अंश नव्याला बिघडवत राहतो.

प्रश्नचिन्ह:
काल प्रयोग केला. स्टीलच्या डब्यातून पाणी चहासारखे तपकिरी निघाले. एका तासाने वरची कडा सोडून सर्व थर बोटाने निघाला. कडेवर पाणी पोहोचत नव्हते, म्हणून डबा उलटा करून त्याच पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवला. आता पाणी टाकल्यावर थेंब न बनता सलग पसरते. तरीही वास येत होता! अखेरीस लक्षात आले की तो डब्यात नव्हता, झाकणातील रबरी कडीत होता. कडी काढल्यावर मागे काळपट गाळ दिसला. ती कडी धुऊनही वास जाईना, म्हणून मी ती टाकून दिली.

तिसरा_डोळा:
पाणी पसरते, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ आहे. वासाची परीक्षा मात्र अशी घ्यावी: डबा पूर्ण वाळवून, झाकण लावून रात्रभर ठेवावा आणि सकाळी सर्वप्रथम उघडून वास घ्यावा. दिवसभर त्याच वासात वावरलेले नाक फसवते. ओला डबा बंद केल्यास निराळाच कुबट वास येतो आणि गोंधळ होतो.

प्रश्नचिन्ह:
स्टील या परीक्षेत उत्तीर्ण झाले. कॅनचा अंक ५ होता. साबणाने थर निघाला, तीन दिवस उघडाही ठेवला, पण चौथ्या सकाळी वास परतला.

तिसरा_डोळा:
तो वास आता भिंतीवर नाही, भिंतीत आहे. प्लास्टिक तेल शोषून घेते आणि ते हळूहळू परत सोडते. असा कॅन खाद्यतेलासाठी वापरू नये.

उंबरठा:
काच घ्या, असे मी पहिल्याच प्रतिसादात म्हटले होते.

प्रश्नचिन्ह:
मी काच घेणार नाही आणि कॅन टाकणारही नाही. त्याची मूठ फार सोयीची आहे. तळून उरलेले, फेकायचे तेल जमवून ठेवण्यासाठी तो वापरीन. रोजच्या तेलासाठी स्टीलचाच डबा पुरेल, फक्त संपल्याशिवाय त्यात नवे तेल ओतणार नाही.

रानवारा:
आता धागा वाचला. तरीही एकदा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून पाहा, असे माझे मत कायम आहे.