अनुभव धागा : अभ्यासाला बसताना कानात काय चालू असतं?

निळी_शाई

मी घरून भाषांतरं करते. इंग्रजीतून मराठीत, बहुतेक करारनामे आणि सोसायट्यांची कागदपत्रं. गेल्या महिन्यात एका भाडेकरारात माझ्या हातून असं वाक्य गेलं : "भाडेकरूने दरमहा ५ तारखेच्या आत चांदणे भरावे." मागे एक जुनं भावगीत चालू होतं आणि गायिका नेमकी चांदण्यावर रेंगाळली होती. मी दोनदा तपासूनही ते दिसलं नाही. पक्षकारांनी फोन करून विचारलं, "मॅडम, चांदणं किती भरायचं?" हसले बिचारे, पण मला घाम फुटला.

कॉलेजपासून मी गाणी लावूनच काम करत आले, त्यामुळे आता बंद केली की घर खायला उठतं. म्हणून हा धागा. तुम्ही अभ्यासाला किंवा डोकं लावायच्या कामाला काय लावता? नुसती आवडत्या गाण्यांची यादी नको, काम कुठलं तेही लिहा. कुणाचं असं चांदणं सांडलं असेल तर तेही सांगा.

चिंचेचं_झाड

आमच्याकडे लावायचा प्रश्नच नाही, मंडळवालेच लावतात. समोरच्या पटांगणात दहा दिवस स्पीकरची भिंत, मुलीची चाचणी परीक्षा त्याच आठवड्यात. खिडकीच्या काचा थरथरतात. यावर काही उपाय आहे का कुणाकडे?

निळी_शाई

झाड, तुमचं दुःख खरं आहे, पण तो वेगळा धागा होईल हो. इथे आपण आपल्या हाताने लावतो त्याबद्दल बोलतोय.

रिटायर्ड_मास्तर

मी कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. ताई, तुमचं चांदणं आमच्या वर्गात दरवर्षी सांडायचं, फक्त आकड्यांच्या रूपात.

आपण वाचताना, हिशेब करताना, वाक्य जुळवताना मनातल्या मनात बोलत असतो. ओठ हलत नाहीत, पण शब्द आत उच्चारले जातात आणि दोन-चार सेकंद तिथेच घोळत राहतात. गाण्यातले शब्द कानातून थेट त्याच जागी येऊन बसतात. तुम्ही लक्ष देताय की नाही, हे ते विचारत नाहीत. पियर सालामे आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९८९ मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना पडद्यावर आकडे दाखवायचे, मागे संगीत लावायचं आणि नंतर आकडे क्रमाने लिहायला सांगायचं. गायनाने आठवण जास्त बिघडली, नुसत्या वाद्याने कमी.

वर्गात मी हे असं करायचो. घरी करून बघा. कुणाला तरी प्रत्येकी आठ आकड्यांच्या वीस ओळी लिहून द्यायला सांगा, जसं ७ २ ९ ४ १ ८ ३ ६. सेकंदाला एक अशा गतीने ओळ मनात वाचा, कागद पालथा घाला, दहा सेकंद थांबा आणि त्याच क्रमाने लिहा. एक ओळ शांततेत, पुढची गाण्यावर, अशी आलटून पालटून घ्या. आधी सगळ्या शांततेतल्या आणि मग सगळ्या गाण्यावरच्या घेतल्या तर सराव झाल्याने की कंटाळा आल्याने फरक पडला ते कळत नाही. मुलांना बहुधा सगळे आकडे आठवायचे. घोटाळा व्हायचा तो क्रमात, आणि तोही मधल्या आकड्यांत. ४ १ चं १ ४ व्हायचं. बँकेत खातं क्रमांक टाकणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको.

आवाज बारीक केला की चालतं, हा समज मात्र काढून टाका. शब्द ऐकू येताहेत तोवर, मोठ्याने की हळू याने फारसा फरक पडत नाही.

अर्धा_कप

मास्तर, मग मोझार्टचं काय? तो ऐकला की बुद्ध्यांक वाढतो हे सिद्ध झालंय ना. मी मुलाला बारावीपासून तेच लावून देतोय.

रिटायर्ड_मास्तर

अर्धा कप, नावाप्रमाणेच अर्धं बरोबर. १९९३ चा प्रयोग खरा आहे. पण त्यात विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट आधी ऐकला आणि नंतर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखी कोडी सोडवली. अभ्यास करताना मागे काही लावलेलं नव्हतं. फायदाही दहा-पंधरा मिनिटंच टिकला. पुढे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ मध्ये नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायची योजना काढली, आणि गोष्ट कुठल्या कुठे गेली. नंतरच्या तपासण्यांत असं दिसलं की संगीताने मन जरा प्रसन्न आणि जागं होतं, तेवढ्यापुरता फायदा मिळतो. ते काम तुमच्या आवडीची लावणीही करेल. फक्त पुस्तक उघडायच्या आधी ऐका.

अर्धा_कप

म्हणजे चार वर्षं फुकट? मुलगा तरी इंजिनिअरिंगला लागला, त्याचं श्रेय मी मोझार्टलाच देणार.

सीए_होणारच

मी इंटरच्या दुसऱ्या ग्रुपची तयारी करतेय. मास्तरांचं आकड्यांचं काल रात्री रूममेटकडून करून घेतलं. तीन प्रकार, प्रत्येकी दहा ओळी, आलटून पालटून. शांततेत सात बरोबर, तानपुऱ्यावर सात, आवडत्या मराठी गाण्यांवर चार. एकदाच केलंय, त्यामुळे फार काही म्हणत नाही. पण खरी गंमत वेगळीच. कुठल्या वेळी जास्त चांगलं जमलं असं वाटतंय, हे मी मोजण्याआधीच लिहून ठेवलं होतं, आणि मी लिहिलं होतं 'गाणी'! मजा येत होती म्हणून जमतंय असं वाटलं.

ऑडिटिंगचे परिच्छेद वाचताना मी आता एकच खूण बघते. डोळे परिच्छेदाच्या शेवटी पोचले आणि मला पुन्हा वर जावं लागलं, की पेन्सिलीने समासात टिंब. गाण्यांच्या दिवशी समास गोवर झाल्यासारखा दिसतो.

पहाटे_पाच

मी फक्त कोरियन गाणी लावते. एक शब्द कळत नाही, त्यामुळे त्रास शून्य. एमपीएससीचा इतिहास असाच संपवला.

रिटायर्ड_मास्तर

शून्य नाही, पण कमी. अमेरिकेत १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतलं वाचन मागे ऐकवलं, तरी त्यांची आठवण बिघडली. माणसाचा बदलता आवाज असला की क्रम ढळतो, अर्थ कळो न कळो. वाचून समजून घेताना मात्र अर्थ जास्त आड येतो. म्हणून इतिहासाचा उतारा समजून घ्यायला मराठी गाण्यापेक्षा तुमचं कोरियन परवडलं. सनावळ्या पाठ करताना तेही बंद करा.

पहाटे_पाच

पण ती गाणी आता मला पाठ झालीत. अर्थ कळत नाही, तरी तोंडात येतात. ते कशात मोडतं?

सा_पासून

त्यावरूनच मला लिहायचंय. मी गाणं शिकते आणि पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. "वाद्यसंगीत लावा, त्यात शब्द नसतात" असं जो तो सांगतो. माझ्या बाबांकडे प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'च्या कॅसेट होत्या. नावातच आलं ना. ते व्हायोलिन शब्दांच्या आघातासकट वाजतं, आणि गाणं पाठ असलेल्या माणसाला एकेक अक्षर ऐकू येतं. सिनेगीतांच्या बासरी-गिटारच्या धुनांचंही तसंच. मुखडा वाजला की शब्द आपले आपण भरतो. गायक नाही, पण गाणारी मीच! त्यापेक्षा न ऐकलेलं वाद्य बरं.

आता माझी पंचाईत. संतूर किंवा सतारीवर ओळखीचा राग लागला की मी मनात सरगम करायला लागते. नि रे ग म ध नि, अरे यमनच, मग तो पंचमावर कधी येतोय याची वाट बघत बसते, आणि बग रिपोर्ट तसाच उघडा. न शिकलेल्या मैत्रिणीला तोच संतूर पावसासारखा वाटतो. तेव्हा मला एकच गोष्ट चालते, तानपुरा. मोबाइलवर काळी चार लावायची आणि विसरून जायचं. चार तारा, तेच प-सा-सा-सा, ऐकण्यासारखं पुढे काही घडणारच नसतं.

देशपांडे_वाडा

तराणा का नाही लावत? दिर दिर तोम तनन, अर्थ काहीच नाही.

सा_पासून

काका, लावून बघितला. विलंबित ख्यालातला आलाप एकवेळ मागे राहतो, पण द्रुत तराण्यात क्षणाक्षणाला अक्षर बदलतं. माझी जीभ आत वळवळायला लागते. अर्थ नसून उपयोग नाही.

देशपांडे_वाडा

मला चालतो बुवा. पण मी शब्दकोडं सोडवतो, रिपोर्ट नाही.

कात्रीवाली

माझं अगदी उलटं आहे म्हणून लिहिते. ब्लाउज शिवते. काज-बटण, हेमिंग, फॉल-पिको करताना गाणी नसतील तर हात जड होतात. विविध भारती दिवसभर. आमची आजी जात्यावर ओव्या म्हणायची, शब्दांशिवाय जातं फिरायचंच नाही तिचं. पण मापं घ्यायला कुणी आलं की मी रेडिओ बंद करते, ही सवय कधी लागली आठवत नाही. छाती ३६, कंबर ३०, उंची साडेचौदा असं मनात धरून वहीपर्यंत जायचं असतं. एकदा बंद नव्हता केला, तर बाहीची उंची आणि दंडघेर एकमेकांच्या जागी लिहिले गेले. गिऱ्हाईक जुनं होतं म्हणून निभावलं.

निळी_शाई

कात्रीवाली, तुम्ही सगळ्या धाग्याचं काम केलंत. मीही आता दिवस असाच कापून बघतेय. कच्चा मसुदा आणि तपासणी शांततेत. पानं क्रमाने लावणं, समास सारखे करणं, बिलं बनवणं याला गाणी. बिलांतले आकडे सोडून.

रिटायर्ड_मास्तर

आकडे सोडून. शाबास.

कोपऱ्यातला_टेबल

पूर्ण शांतता मला नाही जमत. पुण्यात अभ्यासिकेत बसतो. तिथे शांतता असते म्हणजे शेजारच्याचं पेन टिकटिकतं, कुणीतरी कुजबुजतं आणि माझा कान तिकडेच. हेडफोनमध्ये पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावला की कुजबुज बुजते. बोलणं बुजवायला गाणी लावणं म्हणजे एका बोलण्यावर दुसरं बोलणं, असं आता वाटतंय. पण एक विचारतो, मास्तर. आवडतं गाणं जास्त त्रास देतं की नावडतं? मित्र म्हणतो नावडतं लावावं, लक्षच जाणार नाही.

रिटायर्ड_मास्तर

वेल्समध्ये निक पेरहॅम यांनी २०११ मध्ये हेच विचारलं होतं. क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात आवडतं आणि नावडतं दोन्हींनी सारखंच बिघडवलं. पण तो काही मिनिटांचा प्रयोग. तुम्ही अभ्यासिकेत आठ तास बसता. आवडत्या गाण्यामुळे माणूस खुर्चीवर टिकत असेल तर हिशेब कसा मांडायचा, यावर माझं आणि आमच्या हिचं अजून एकमत नाही. ती पेपर तपासताना नाट्यगीतं लावायची, आणि तिच्या बेरजा माझ्यापेक्षा बरोबर असायच्या.

सीए_होणारच

बाईंची बेरीज कोण तपासायचं, मास्तर?

रिटायर्ड_मास्तर

मी. शांततेत.

चिंचेचं_झाड

मुलीला हेडफोनवर तो पंख्याचा आवाज लावून दिला. ढोल तसाच छातीत वाजतो, पण गाण्याचे शब्द कळेनासे झाले म्हणाली. भूगोलाचा एक धडा झाला. अजून सहा दिवस आहेत.