मदत हवी आहे: प्रोटीन डाएटमुळे पोट साफ होत नाही

मंडळी, आम्ही इंदूरचे. धाकट्या दिराने वजन उतरवायला पोहे, पोळी, वरण-भात, फळं सगळं सोडलंय. (इंदुरात राहून पोहे बंद!) दिवसभर अंडी, पनीर, चिकन. आता पोट साफ होत नाही, आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तो चरबी जळताना होणाऱ्या ॲसिटोनचा, श्वासातूनच येतो, त्यामुळे दात घासून जात नाही. शुगर तपासली, नॉर्मल आहे. इसबगोल सुरू केलं, पण पाणी जेमतेम पितो, त्यामुळे मल आणखीच घट्ट झाला. पोळीला तो तयार नाही. गिलकी, पालक, मोडाची मटकी, पेरू यांतलं रोज किती दिलं तर पोट साफ होईल? आणि वास जायला कार्ब थोडे वाढवावेच लागतील ना?