जुना मनी प्लांट कुंडीतून काढून काचेच्या बरणीत न्यावा की लेकाच्या गोळ्यांत?

मंजिरी (जुळे सोलापूर)
काळ्या मातीच्या कुंडीत माझा जुना, चांगला पसरलेला मनी प्लांट आहे. तो हॉलच्या खिडकीशी काचेच्या बरणीत, स्वच्छ पाण्यात ठेवावा असे मला वाटते. यजमान म्हणतात, लेका म्हणजे मातीचे गोळे बरे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. कोणता मार्ग धरावा, खत काय द्यावे आणि शेवाळ कसे रोखावे?

सुधाकर
बरणीच घ्यावी, असे माझे मत आहे, कारण मुळांचे काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. खरी कसोटी आपली काळी माती मुळांवरून उतरवण्यात आहे. ती कोरडी असताना ओढली तर बारीक मुळे तिच्यासोबतच तुटतात, म्हणून आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी मुळांचा गड्डा साध्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवावा. नंतर तो पाण्यातच हलवत माती सोडवावी आणि पाणी गढूळ होईनासे होईपर्यंत बादली बदलावी. उरलेली माती व कुजके तंतू पुढे बरणीत सडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. जे मूळ चिमटीत धरून ओढल्यावर साल निसटते आणि आत नुसता दोरा उरतो, ते मेलेले समजून कापून टाकावे.

मातीत वाढलेल्या मुळांपैकी काही पाण्यात कुजणारच. साधारण दोन ते चार आठवड्यांत नवी, पांढरी मुळे फुटतात आणि पुढे झाड त्यांच्यावर जगते. तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे आणि खत अजिबात देऊ नये. एखाददुसरे जुने पान पिवळे पडल्यास चिंता नाही. पण पाण्याला वास येऊन खोड गाठीपाशी मऊ लागले, तर त्याच्या वरच्या निरोगी गाठीखाली कापून तो तुकडा नव्याने लावावा. खरे तर मी अख्खे झाड हलवणारच नाही. गाठी असलेले वेलाचे तुकडे बरणीत लावावेत आणि कुंडी आहे तशी राहू द्यावी.

रोहिणी
माती धुण्याबद्दल सहमत आहे, बरणीबद्दल नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो आणि खिडकीतली बरणी दुपारी हाताला गरम लागते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना तो 7 च्या आसपास येतो, आणि उष्णतेने मुळांची गरज मात्र वाढते. मुळे बहुधा याच दिवसांत तपकिरी पडून सडतात.

लेकामध्ये पाणी भांड्याच्या तळाच्या चौथ्या हिश्शापुरतेच असते. वरचे गोळे ते शोषून ओलसर राहतात आणि त्यांच्या फटींत हवा खेळते. गोळे आधी बादलीत धुवावेत, मोरीत नको, कारण त्यांची लाल भुकटी पाइपात साचते. मग रात्रभर भिजवून वापरावेत. सुरुवातीला मुळे पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर राहतील असे रोप बसवावे आणि पहिले काही दिवस वरच्या गोळ्यांवर पाणी शिंपडावे. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी बरणीभर पाणी ओतून देणे इथे कोणाला परवडणार आहे?

पुष्पाताई
मातीचे गोळे पाण्यात विरघळून पुन्हा चिखलच होणार नाही का? आणि साठवलेल्या पाण्यात डास होतात, त्याचे काय? आमच्या गल्लीत पालिकेच्या आरोग्य विभागाच्या बाई आल्या होत्या, त्यांनी माझ्या लकी बांबूचे पाणी ओतायला लावले.

रोहिणी
ताई, हे गोळे भट्टीत भाजून फुगवलेले असतात, त्यामुळे ते विरघळत नाहीत. डासांची शंका मात्र रास्त आहे. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून नवी मुळे फुटल्यानंतरही बरणीचे पाणी आठवड्यातून एकदा संपूर्ण बदलून आतली कड घासलीच पाहिजे. लेकाच्या वरच्या थरातही पाणी दिसता कामा नये.

द्राक्षबागवाला
खताची एवढी चर्चा कशाला? कृषी सेवा केंद्रातून 19:19:19 आणावे, लिटरला चमचाभर टाकावे. शेवाळावर चिमूटभर मोरचूद पुरेसे आहे. आम्ही बागेत बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारतो.

सुधाकर
19:19:19 घरच्या झाडालाही चालते, हे अर्धे खरे आहे. पण चमचाभर म्हणजे जवळजवळ पाच ग्रॅम, आणि मनी प्लांटला लिटरमागे अर्धा ग्रॅमसुद्धा भरपूर होतो. दुसरे असे की त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो झाडाला देतात. बरणीत ते काम फार हळू होते आणि न वापरलेल्या खतावर शेवाळाची चैन होते. म्हणून नायट्रेटवर आधारलेले हायड्रोपोनिकचे खत घ्यावे. ते ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येते, कारण एकीत कॅल्शियम असते आणि दुसरीत फॉस्फेट व सल्फेट. पातळ न करता एकत्र ओतले तर पांढरा गाळ खाली बसतो. नवी मुळे बोटभर वाढल्यावर लेबलवरच्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने सुरुवात करावी. पानांच्या कडा करपू लागल्या तर साध्या पाण्यावर यावे.

मोरचूद बरणीत टाकू नये. फवारणीत तांबे पानांवर राहते आणि जमिनीत पडलेले बरेचसे मातीला चिकटून बसते. साध्या पाण्यात ते थेट मुळांच्या कोवळ्या टोकांना लागते आणि वाढ थांबते. शेवाळाला प्रकाश आणि खत दोन्ही लागतात, तेव्हा प्रकाश तोडावा. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळून त्यावर आवडेल ते कापड बांधावे आणि पाहायचे असेल तेव्हा सरकवावे. औषधाच्या दुकानात मिळणारे 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरमागे 5 मिलिलिटर घातल्यास शेवाळ तात्पुरते कमी होते, पण कागद नसेल तर ते पुन्हा येते.

रोहिणी
म्हणजे काचेच्या बरणीला काळा कागद लावायचा! मग मंजिरीताईंना स्वच्छ पाणी दिसणार कुठे?

सुधाकर
बरणी खिडकीपासून दूर, आडोशाच्या उजेडात ठेवली तर शेवाळ धिमे होते आणि आठवड्याच्या घासणीत निघते. मात्र तिथे वेलाची वाढही मंदावेल, हे गृहीत धरावे.

लेकाची दुसरी बाजू तुम्ही सांगितलीच नाही. गोळे पाणी वर ओढतात, पाणी उडून जाते आणि क्षार वरच राहतात. आपल्या बोअरच्या पाण्यात तर लवकरच गोळ्यांवर पांढरा, खरखरीत थर दिसू लागतो. तो वाढला की मुळांना पाणी ओढणे कठीण जाते, आणि तळात पाणी असूनही पाने मलूल दिसतात.

रोहिणी
ते मान्य आहे. महिन्यातून एकदा गोळ्यांवरून भरपूर साधे पाणी ओतून खालून निथळू द्यावे लागते. तेच पाणी मी अंगणातल्या झाडांना देते. बोअरऐवजी आरओचे पाणी घेतले तर थर धरत नाही.

सुधाकर
आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, तेव्हा ‘ए’ बाटली चुकवून चालणार नाही. शिवाय आरओमागे जे पाणी वाया जाते त्यात क्षार एकवटलेले असतात. ते बरणीत किंवा लेकात वापरू नये. मला नळाचेच पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरणे सोयीचे वाटते.

मंजिरी
तूर्त गाठींचे दोन तुकडे बरणीत आणि एक लेकात लावते. कुंडीला हात लावत नाही. आमच्या नळाचे पाणी भांड्याला पांढरे डाग पाडते, ते लेकाला चालेल का?

रोहिणी
चालेल, पण निथळणे महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी करा.

सुधाकर
तेवढे पाणी मोजले तर बरणीपेक्षा लेका स्वस्त पडतो, हे मला पटत नाही.