उत्तर: टीव्हीचा मेनू अरबीत गेला

> गुगल टीव्हीचा मेनू चुकून अरबी झालाय, एक अक्षर वाचता येत नाही. सरळ फॅक्टरी रिसेट मारू का?

रिसेट नको, सगळे पासवर्ड पुन्हा टाकत बसाल.

नाशिकला पंचवटीत मावशीकडे भाच्याने हाच उद्योग केला होता. अरबी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे पडद्याची मांडणीच आरशात पाहिल्यासारखी उलटते. नेहमी उजव्या कोपऱ्यात असणारं सेटिंगचं दातेरी चक्र डावीकडे जातं. आम्ही पंधरा मिनिटं ते चुकीच्या कोपऱ्यात शोधत होतो!

चक्र उघडल्यावर मोबाइलमधलं गुगल लेन्स पडद्यावर धरा आणि भाषांतर निवडा. अक्षरं थोडी हलतात, पण System ओळखता येतं. त्यात Language शोधा. जुन्या अँड्रॉइड टीव्हीत System ऐवजी Device Preferences असतं.

पुढे लेन्स लागत नाही, कारण यादीत प्रत्येक भाषा स्वतःच्याच लिपीत लिहिलेली असते. English दिसेपर्यंत खाली जा आणि ओके दाबा. मांडणी लगेच सरळ झाली की काम झालं. अ‍ॅप, लॉगिन जागच्या जागी राहतात.

सेट-टॉप बॉक्सचा मेनू मात्र वेगळा. तोच अरबी असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधून उपयोग नाही.