दहा फोटोंची पोस्ट: वर्णन कॅप्शनमध्ये की ऑल्ट टेक्स्टमध्ये?

सह्यभटक्या: राजगडाचे १० फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. एका अंध फॉलोअरने विचारलं, "फोटोंत काय आहे ते लिहाल का?" गडाची माहिती कॅप्शनमध्ये आहेच. तरी प्रत्येक फोटोला वेगळं ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोनने वाचून दाखवायचं वर्णन, हवं का?

पायवाट: माझ्या मते नको. ऑल्ट टेक्स्ट डोळस माणसाला दिसतच नाही. कॅप्शनमध्ये 'फोटो १, फोटो २' असं ओळीने लिहिलं की सगळ्यांनाच मिळतं.

कानोसा: मला दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकवर मी ऐकतो. मला हे पटत नाही. चौथ्या फोटोवर बोट नेलं की फोनने चौथ्याबद्दलच बोलावं. नाहीतर खाली कॅप्शनमध्ये जा, चौथा परिच्छेद शोधा, परत वर या. ऑल्ट रिकामं असलं तर अ‍ॅप अंदाजाने डोंगर, माणसं, आकाश असं काहीतरी सांगतं. ते तुमच्या दहाही फोटोंना लागू पडेल.

तुमचा नेढ्याचा फोटो घ्या. 'राजगडावरचं सुंदर दृश्य' यातून मला काही कळत नाही. असं लिहा: "सुवेळा माचीवरचं नेढं. खडकाला आरपार भोक, पलीकडे आकाश. भोकात दोघं बसलेत." 'या फोटोत' अशी सुरुवात नको, फोटो आहे हे टॉकबॅक आधीच सांगतो. नेढ्यापर्यंतची वाट कॅप्शनमध्ये राहू द्या. टाकलेल्या पोस्टलाही हे जमतं: तीन टिंबं, Edit, मग प्रत्येक फोटोवर Edit alt text.

रानफूल: मी तिथे हॅशटॅग भरते. पोस्ट सर्चमध्ये वर येते म्हणतात.

कानोसा: मग फोटोऐवजी आम्हाला हॅशटॅगची यादी ऐकावी लागते. ते कॅप्शनच्या शेवटी बरे.

अंजिरी: माझ्या आईला अंधुक दिसतं. ती टॉकबॅक वापरत नाही, अक्षरं मोठी करून वाचते. ऑल्ट तिच्यापर्यंत पोचतच नाही. फोटोवर बारीक अक्षरांत 'बालेकिल्ल्याची वाट अवघड' असं छापलेलं असलं की ते तिचं राहूनच जातं.

कानोसा: मान्य. फोटोवर छापलेला मजकूर ऑल्टमध्येही हवा आणि कॅप्शनमध्येही. पायवाट, इथे तुमचं बरोबर आहे.

पायवाट: आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये मराठी आवाजच नसला तर?

कानोसा: तर देवनागरी गाळली जाऊ शकते. म्हणून काहीजण रोमन लिपीत मराठी लिहितात, पण मराठी आवाज असलेल्यांनाही मग ते इंग्रजी उच्चारात ऐकू येतं. मी देवनागरीच लिहा म्हणेन.

पायवाट: मी अजूनही रोमनच्या बाजूने. वेडंवाकडं का होईना, काहीतरी ऐकू येतं.

सह्यभटक्या: नऊ लिहून झाले. संजीवनी माचीवर अडलोय. दुहेरी तटबंदी आणि मधली चिंचोळी जागा लिहिली. संध्याकाळचं ऊन एकाच भिंतीवर पडलंय, तेही लिहू?

कानोसा: माझी दृष्टी नंतर गेली, मला ऊन हवं असतं. माझा जन्मांध मित्र म्हणतो, उन्हाचं राहू द्या, भिंत माणसाच्या किती पट उंच ते सांगा. तुमच्या फॉलोअरलाच विचारा.